लांबलचक अभ्यासक्रम टॅबवर लावताना: आउटलाइन किती, माइंड मॅप किती

प्रश्न: राज्यसेवा मुख्य परीक्षेची तयारी करतेय, बोरिवलीला राहते. साडेदहा इंची अँड्रॉइड टॅब आहे, पेन आहे, लॅपटॉप नाही. सामान्य अध्ययनाच्या चारही पेपरचा सिलॅबस एकाच माइंड मॅपमध्ये टाकला. सुरुवातीला छान दिसत होता, आता काहीच सापडत नाही आणि मॅप उघडायलाच नको वाटतं. कोणतं ॲप घेऊ, आणि हे सगळं नक्की कसं लावू? लोकलमध्ये टॅब काढता येत नाही, फोनवरच बघावं लागतं.

उत्तर: ॲप बदलून हा प्रश्न सुटणार नाही, कारण घोळ ॲपचा नाही, मापाचा आहे. चार पेपरांचा सांगाडा आउटलाइनमध्ये ठेवा, म्हणजे एकाखाली एक, मिटता-उघडता येणाऱ्या ओळींमध्ये. माइंड मॅप एकेका उपघटकाचा करा, तोही फक्त जिथे गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत तिथेच. आउटलाइनसाठी ऑब्सिडियन घ्या. ते मोफत आहे, नेटवर्कशिवाय चालतं आणि मजकूर साध्या फाइलींमध्ये ठेवतं. मॅपसाठी टॅबसोबत आलेलं पेनाचं नोट्स ॲप पुरे आहे. टाइप केलेलाच मॅप हवा असेल तर सिंपलमाइंड घ्या.

आधी मापाचा हिशोब पाहू. साडेदहा इंची टॅब आडवा धरला की पडदा साधारण २२ सेंटीमीटर रुंद आणि १४ सेंटीमीटर उंच असतो. तीन मराठी शब्दांची एक चौकट आरामात वाचता यावी, तर ती चारेक सेंटीमीटर रुंद आणि जवळपास एक सेंटीमीटर उंच लागते. भोवतीची मोकळी जागा आणि जोडणाऱ्या रेषा धरल्या की एका चौकटीला आठ-नऊ चौरस सेंटीमीटर जागा जाते. म्हणजे पडद्यावर एका वेळी ३५ च्या आसपास चौकटी मावतात. आता चार पेपर, प्रत्येकी २० घटक आणि प्रत्येक घटकाचे सहा उपमुद्दे एवढंच धरलं तरी साडेपाचशेच्या वर चौकटी होतात, म्हणजे सोळा पडदे भरतील एवढ्या. तो मॅप एका नजरेत बघायचा म्हटलं की अक्षर चौथाईवर येतं. देवनागरीत सगळ्यात आधी मार खातात ते रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं. ती दिसेनाशी झाली की तुम्ही मॅप मोठा करता, मोठा केला की शेजारची फांदी पडद्याबाहेर जाते, आणि मग बोटाने नुसतं सरकवत बसायचं. माइंड मॅपचा फायदा सगळं एकत्र दिसण्यात आहे. तोच गेल्यावर उरतो तो शोधायला अवघड असलेला आउटलाइन.

म्हणून ३५ चौकटी ही मर्यादा धरून चाला. मॅप त्यापुढे गेला तर त्याचे दोन करा.

सांगाडा लावताना

अभ्यासक्रम आयोगाच्या संकेतस्थळावरून (mpsc.gov.in) उतरवून घ्या. क्लासच्या पत्रकावरून घेऊ नका, त्यात मुद्दे पुढेमागे केलेले असतात. आता मजकूर फाइलमध्ये आणायचा. इथे पहिली अडचण येते. बऱ्याच शासकीय मराठी पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड येते. त्यामुळे आधी एकच ओळ कॉपी करून बघा. ती नीट आली तर पुढे चला. नाही आली तर पानाचा स्क्रीनशॉट काढा, गूगल लेन्समध्ये उघडा आणि तिथून मजकूर उचला. तक्ता किंवा दोन रकाने असलेलं पान अख्खं देऊ नका. लेन्स आडवं वाचत जातं आणि डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला जोडून टाकतं. एकेक रकाना कापून द्या. उचललेला मजकूर मूळ पानाशी ताडून पाहायलाच हवा, विशेषतः आकडे आणि जोडाक्षरं.

ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक पेपरची एकच फाइल करा. पायऱ्या चारच ठेवा: पेपर, घटक, उपघटक, मुद्दा. पाचवी पायरी लागतेय असं वाटलं तर तो मजकूर आउटलाइनचा नाही, टिपणाचा आहे. त्याला वेगळी फाइल करा. पायऱ्या मर्यादित ठेवण्यामागे फोनचाही विचार आहे. प्रत्येक पायरी मजकुराला उजवीकडे ढकलते, आणि उभ्या धरलेल्या फोनवर पाचव्या पायरीला ओळीत दोन शब्दच उरतात.

आयोगाची शब्दरचना शीर्षकात आहे तशीच राहू द्या, प्रश्न त्याच शब्दांत येतात. मात्र अभ्यासक्रमातलं एक वाक्य म्हणजे एक मुद्दा, असं समजू नका. एका लांब वाक्यात स्वल्पविरामांनी जोडलेले तीन-चार स्वतंत्र विषय असतात. केंद्र आणि राज्य यांच्या जबाबदाऱ्या, संघराज्य रचनेतल्या अडचणी आणि स्थानिक पातळीपर्यंत अधिकार व निधी पोचवणं, हे तिन्ही विषय एकाच दमात येतात. तिसरा वाक्याच्या शेपटाला असतो आणि नेमका तोच नजरेतून सुटतो. स्वल्पविराम दिसला की थांबून विचारायचं: यावर वेगळा प्रश्न येऊ शकतो का? येत असेल तर वेगळी ओळ.

प्रत्येक घटकाला आणि उपघटकाला एक खूण-क्रमांक द्या. पुढचं सगळं या क्रमांकांवर उभं राहणार आहे.

```
## G2-04 संघराज्य आणि स्थानिक शासन
- [ ] G2-04-1 केंद्र-राज्य जबाबदाऱ्या
- [ ] G2-04-2 संघराज्य रचनेतील अडचणी
- [ ] [[G2-04-3]] स्थानिक पातळीपर्यंत अधिकार व निधी
	- ग्रामीण: 243 ते 243-O
	- नागरी: 243-P ते 243-ZG
```

यात `G2` म्हणजे सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपर. पुढचे आकडे तुमच्या यादीतल्या क्रमाचे आहेत, आयोगाच्या क्रमाशी ते जुळायलाच हवेत असं नाही. `- [ ]` लिहिलं की टिचकी मारता येणारा चौकोन तयार होतो. दुहेरी कंसात टाकलेला क्रमांक त्याच नावाच्या टिपणाच्या फाइलकडे नेतो, आणि फाइल नसेल तर टिचकी मारताच नवी तयार होते. सगळ्या ओळींना असा दुवा आजच देऊ नका. ज्या उपघटकावर खरंच टिपण काढलंय त्यालाच द्या. मग दुवा असलेल्या आणि नसलेल्या ओळी बघूनच कळतं की काम कुठे झालंय आणि कुठे नाही.

फाइलच्या नावात फक्त क्रमांक ठेवा, मराठी शीर्षक फाइलच्या आत पहिल्या ओळीत लिहा. नावात तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह चालत नाही, आणि अभ्यासक्रमाच्या शीर्षकांत ही चिन्हं पावलोपावली असतात. शिवाय पुढे शीर्षकाची शब्दरचना बदलावीशी वाटली तर दुवे तुटत नाहीत.

ओळी आत-बाहेर सरकवण्यासाठी टॅबला वेगळा कीबोर्ड लागत नाही. पडद्यावरच्या कीबोर्डच्या वर ऑब्सिडियनची एक पट्टी येते. तिच्यात ओळ आत ढकलण्याचं आणि बाहेर काढण्याचं बटण असतं. ती दोन बटणं सेटिंगमधून पट्टीच्या सुरुवातीला आणून ठेवा, नाहीतर दर वेळी पट्टी सरकवत बसाल. स्पेस दाबून ओळ आत ढकलू नका. एके ठिकाणी तीन आणि दुसरीकडे चार स्पेस पडल्या की दिसायला ओळी सारख्याच वाटतात, पण पायरी चुकते आणि वरची ओळ मिटली तरी खालची मिटत नाही. एखादी ओळ मिटवल्यावर तिच्या पोटातलं काही बाहेर राहिलं, तर समजा की तिथे स्पेस शिरल्या आहेत.

शोधताना हरवणाऱ्या गोष्टी

चार पेपरांची आउटलाइन डोळ्यांनी चाळायची नसते, शोधपेटीत शब्द टाकून गाठायची असते. मराठीत हा शोध दोन कारणांनी फसतो आणि दोन्ही वेळा ॲपवर विनाकारण खापर फुटतं.

पहिलं कारण आकडे. `243` आणि `२४३` हे माणसाला एकच, पण शोधपेटीला दोन वेगळे शब्द आहेत. अर्ध्या फाइली एका प्रकारे आणि अर्ध्या दुसऱ्या प्रकारे लिहिल्या की निम्मी कलमं कधीच सापडत नाहीत. आउटलाइनमध्ये इंग्रजी आकडे ठेवा, कारण खूण-क्रमांक त्यातच आहेत आणि ते पटकन टाइप होतात. उत्तरपत्रिकेत काय लिहायचं हा वेगळा विषय. कलमाच्या अक्षराचंही तेच. पुस्तकागणिक २४३-डी, २४३-ड, २४३-घ अशी वेगवेगळी लेखनं मिळतात. एकच ठरवा आणि लेन्सने उचललेल्या मजकुरातही तेच करून घ्या.

दुसरं कारण जास्त छुपं आहे. ‘अधिकाऱ्यांचे’, ‘जबाबदाऱ्या’ या शब्दांतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा र आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण शोधताना जुळत नाहीत. शब्द समोर दिसतोय आणि शोधात मात्र सापडत नाही असं झालं, की बहुधा हीच भानगड असते. उपाय सोपा आहे: असा शब्द शोधताना ‘जबाबदा’ एवढाच तुकडा टाका.

मॅप कुठे करायचा

सगळ्या उपघटकांचे मॅप करायचे नसतात. जिथे यादी सरळ खाली उतरते, उदाहरणार्थ एखाद्या योजनेची वैशिष्ट्यं किंवा समित्यांचा कालक्रम, तिथे आउटलाइनच चांगली. मॅप तिथे करा जिथे एका फांदीवरची गोष्ट दुसऱ्या फांदीवरच्या गोष्टीशी बांधलेली आहे, आणि हे नातं यादीत दिसत नाही.

`G2-04-3`, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था, हे त्याचं चांगलं उदाहरण आहे. आउटलाइनमध्ये ग्रामीण एका जागी आणि नागरी दुसऱ्या जागी पडतं. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला आणि ७४ वी १ जून १९९३ ला अमलात आली, आणि दोन्ही भागांची रचना बरीचशी समांतर आहे. टॅब आडवा धरा, मध्ये ‘स्थानिक शासन’ लिहा. डावीकडे पंचायती, उजवीकडे नगरपालिका. दोन्ही बाजूंना समोरासमोर सहा जोड्या येतात: रचना (२४३-बी आणि २४३-क्यू), आरक्षण (२४३-डी आणि २४३-टी), मुदत (२४३-ई आणि २४३-यू), अधिकार (२४३-जी आणि २४३-डब्ल्यू), वित्त आयोग (२४३-आय आणि २४३-वाय), निवडणूक (२४३-के आणि २४३-झेडए). मध्यबिंदू आणि दोन बाजू धरून आतापर्यंत १५ चौकटी झाल्या.

आता जोड्यांमधल्या आडव्या रेषा. खरा अभ्यास इथे होतो, कारण प्रत्येक रेषेवर ती का काढली हे लिहावं लागतं. मुदतीच्या रेषेवर ‘दोन्ही पाच वर्षं’ लिहून मोकळं होता येतं. वित्त आयोगाच्या रेषेवर मात्र थांबायला होतं. २४३-वाय मध्ये शहरांसाठी निराळा आयोग नाही. २४३-आय खाली नेमलेला राज्य वित्त आयोगच नगरपालिकांच्याही आर्थिक स्थितीचा आढावा घेतो. राज्य निवडणूक आयोगाचंही तसंच, २४३-झेडए मध्ये २४३-के मधल्याच आयोगाकडे बोट आहे. म्हणजे बाकीच्या रेषा ‘समोरासमोरची तरतूद’ सांगतात आणि या दोन रेषा ‘संस्थाच एक’ असं सांगतात. या दोन जाड काढा किंवा वेगळ्या रंगात काढा. आउटलाइनमध्ये वित्त आयोग दोन ठिकाणी लिहिला जातो आणि वाचणाऱ्याला दोन आयोग आहेत असं वाटून जातं.

पहिल्या जोडीत उलटा धोका आहे. डावीकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, उजवीकडे नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका. तीनास तीन, मॅपवर सुरेख दिसतं. पण डावीकडचे तीन एकावर एक रचलेले स्तर आहेत आणि एकाच गावाला तिन्ही लागू असतात. उजवीकडचे तीन प्रकार आहेत, एका शहराला त्यातला एकच लागतो. मॅप समरूपतेच्या मागे लागला की असं खोटं बोलतो. म्हणून डावीकडचे तीन उभ्या ओळीत आणि उजवीकडचे तीन आडव्या ओळीत, त्यांच्या रचना-चौकटीच्या आतच लिहा. वेगळ्या चौकटी लागत नाहीत.

जे जोडीत बसत नाही ते जोडीत कोंबू नका. ग्रामसभा (२४३-ए) डावीकडे एकटी राहील. प्रभाग समित्या (२४३-एस, तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या नगरपालिकांमध्ये) उजवीकडे एकट्या राहतील. जिल्हा नियोजन समिती (२४३-झेडडी) घटनेत नागरी भागात आहे, पण तिच्या सदस्यांपैकी किमान चार-पंचमांश हे जिल्हा पंचायत आणि नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. तेव्हा तिची जागा मधोमध, दोन्हीकडे रेषा जाऊ देत. तिच्याखाली महानगर नियोजन समिती (२४३-झेडई). या चार धरून १९ झाल्या.

वर अमलात येण्याच्या दोन तारखा, अकरावी अनुसूची २९ विषय, बारावी अनुसूची १८ विषय आणि अनुसूचित क्षेत्रांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा. ही पाच मिळून २४.

उरली महाराष्ट्राची फांदी, ती खालच्या बाजूला. कायदे पाच: ग्रामपंचायत १९५८, जिल्हा परिषद व पंचायत समिती १९६१, नगरपरिषद व नगरपंचायत १९६५, महानगरपालिका १९४९, आणि मुंबईचा स्वतंत्र महानगरपालिका कायदा १८८८. शेवटच्या कायद्याला लटकलेली एक चौकट: मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही, म्हणून ३६ जिल्हे आणि ३४ जिल्हा परिषदा. फांदीचं नाव धरून सात. एकूण ३१. मर्यादेत आहे, आणि चार चौकटींची जागा चालू घडामोडींसाठी मोकळी राहिली.

मॅप समोर पुस्तक ठेवून काढू नका

हा मॅप वर वाचून तसाच उतरवलात तर दिसेल छान, पण डोक्यात फारसं राहणार नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले जेफ्री कार्पिके आणि जानेल ब्लंट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला होता. एका गटाने मजकूर समोर ठेवून संकल्पना-आलेख काढले, दुसऱ्या गटाने मजकूर बाजूला ठेवून आठवेल ते लिहिलं. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारा गट पुढे निघाला. त्यातून आलेख वाईट असतात असा निष्कर्ष निघत नाही. त्याच दोघांनी २०१४ मध्ये दाखवलं की आलेखही न बघता, आठवून काढला तर फायदा होतो. फरक बघून काढण्या-न काढण्यात आहे.

तेव्हा रीत अशी ठेवा. उपघटक वाचून झाला की पुस्तक आणि ऑब्सिडियन दोन्ही बंद करा. नोट्स ॲपमध्ये कोरं पान उघडून पेनाने दहा-पंधरा मिनिटांत आठवेल तेवढा मॅप काढा. कलम आठवत नसेल तर तिथे रिकामी चौकट सोडा, पण जागा सोडाच. मग पडदा दोन भागांत विभागून एका बाजूला आउटलाइन उघडा आणि राहिलेलं लाल रंगात भरा. आठवड्याने पुन्हा कोरं पान घ्या. लाल कमी होत गेलं पाहिजे. तीच चौकट सलग तिसऱ्यांदा लाल आली, तर मॅप पुन्हा काढत बसू नका. तो मुद्दा समजलेला नाही, मूळ पुस्तकाकडे जा.

याच कारणासाठी माझी पसंती पेनाला आहे. टाइप करायच्या मॅप ॲपमध्ये रंग, आकार, चिन्हं निवडण्यात वेळ जातो आणि तो वेळ अभ्यासात गेल्यासारखा वाटतो. पेन नसलेल्यांसाठी सिंपलमाइंड ठीक आहे, कारण त्यात चौकट बोटाने हवी तिथे ठेवता येते. वरच्या उदाहरणात समोरासमोरच्या जोड्या लावायच्या असतील तर हे लागतंच. चौकटी आपोआप रांगेत बसवणारी मांडणी मात्र बंद ठेवा, नाहीतर एक शब्द वाढवला की सगळ्या जोड्या हलतात. मोफत आवृत्तीत काही सोयी बंद असतात, पूर्ण आवृत्तीचे पैसे एकदाच भरावे लागतात. आयपॅडवाल्यांना माइंडनोड घेता येईल, त्यात एकाच फाइलचा मॅप आणि आउटलाइन असे दोन्ही चेहरे दिसतात.

आउटलाइनवरून आपोआप मॅप करून देणारी साधनंही आहेत. मार्कमॅपच्या पानावर (markmap.js.org/repl) वरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला की क्षणात फांद्या तयार होतात. अभ्यासाला त्याचा उपयोग शून्य, कारण ती आडवी केलेली आउटलाइनच असते. त्यात एकही आडवी रेषा नसते, आणि आडव्या रेषांसाठीच तर मॅप काढायचा. पण महिन्यातून एकदा अख्खा पेपर तिथे टाकून बघा. एका फांदीवर ४० मुद्दे आणि शेजारच्या फांदीवर दोनच, हे तिथे ताबडतोब दिसतं. त्या दोनवाल्या घटकाचं बहुधा वाचनच झालेलं नसतं.

टॅबवरून फोनवर

मॅप पूर्ण झाला की त्याचं चित्र साठवा किंवा सरळ स्क्रीनशॉट काढून कापा, आणि नाव द्या `G2-04-3.png`. ते ऑब्सिडियनच्या फोल्डरमध्ये टाका आणि टिपणाच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत लिहा:

```
![[G2-04-3.png]]
```

टिपण उघडताच वर मॅप आणि खाली मजकूर दिसेल. दोन ॲपमध्ये थेट दुवे देण्याच्या फंदात पडू नका. ॲपची नवी आवृत्ती आली किंवा फाइल हलवली की ते दुवे मरतात. क्रमांक सगळीकडे तोच असणं पुरेसं आहे. झेरॉक्स नोट्सच्या कोपऱ्यातही पेन्सिलने तोच क्रमांक टाका, म्हणजे कागदही याच सांगाड्यात येतात.

विरार लोकलमध्ये एका हाताने दांडा धरलेला असताना मॅपवर बोटं फिरवून काही होत नाही. तिथे फोनवर मिटलेली आउटलाइन उघडायची, शीर्षक वाचायचं, आतले मुद्दे मनात म्हणायचे आणि मग ओळ उघडून पडताळायचं. हे अंगठ्याने जमतं आणि नेटवर्क गेलं तरी अडत नाही.

यासाठी फोल्डर फोनवर न्यावा लागतो आणि ऑब्सिडियनची खरी मर्यादा इथे आहे. अँड्रॉइडवर तो फोल्डर गूगल ड्राइव्हशी आपोआप जुळवला जात नाही, आणि ऑब्सिडियनची स्वतःची सिंक सेवा पैसे देऊन घ्यावी लागते. तुमच्या गरजेला साधा मार्ग चालेल: लिहिणं फक्त टॅबवर, फोन फक्त वाचायला. रविवारी टॅबवरून अख्खा फोल्डर फोनवर पाठवा आणि जुना काढून टाका. फोनवर चौकोनात एक खूणसुद्धा करू नका, पुढच्या रविवारी ती पुसली जाईल. गाडीतही चौकोनांवर खुणा करायच्याच असतील, तर आउटलाइनसाठी डायनालिस्ट घ्या. ते ऑब्सिडियनच्याच निर्मात्यांचं आहे, मोफत खात्यात ओळींवर मर्यादा नाही आणि दोन्ही उपकरणांवर एकच यादी दिसते. त्यात आता नवं फारसं येत नाही आणि मजकूर त्यांच्या सर्व्हरवर राहतो, म्हणून महिन्याला अख्ख्या यादीची प्रत ओपीएमएल फाइलमध्ये काढून ठेवा. वर्कफ्लोईचं काम छान आहे, पण मोफत खात्यात महिन्याला ठरावीकच नव्या ओळी मिळतात. चार पेपर भरायला घेतले की पहिल्याच आठवड्यात अडाल.

ऑब्सिडियन पहिल्यांदा उघडताना फोल्डर कुठे ठेवायचा ते विचारतं. ॲपच्या आतला साठा निवडू नका, टॅबच्या उघड्या साठ्यात फोल्डर करा. ॲपच्या आतल्या साठ्यातल्या फाइली ॲप काढून टाकताच सोबत जातात. रविवारी फोनवर पाठवताना त्याच फोल्डरची झिप करून ड्राइव्हवरही चढवा, आणि फाइलच्या नावात तारीख घाला. मागच्या चार झिप ठेवा. एखादा घटक चुकून पुसला गेला तर ते पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांनी लक्षात येतं, आणि तोवर शेवटच्या झिपमध्येही तो नसतो.

पुढे अभ्यासक्रमात बदल झाला, तर नव्या मुद्द्याला त्या घटकातला पुढचा मोकळा क्रमांक द्या, मग तो यादीत मध्येच का बसेना. क्रम डोळ्यांना वाकडा दिसेल, दिसू द्या. वगळलेल्या मुद्द्याची ओळ पुसू नका, तिच्यापुढे ‘वगळला’ लिहून फाइलच्या तळाशी न्या, आणि तो क्रमांक पुन्हा कुणाला देऊ नका. मॅपच्या चित्रांवर आणि झेरॉक्सच्या कोपऱ्यांवर तो आधीच पडलेला असतो.